क्वार्टरचा हिशेब आणि डॉक्टरांची दहा मिनिटं

दवाखान्यात दारूविषयी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो. “घेता का?” त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. “कधीतरी, कार्यक्रमाला.” हे ‘कधीतरी’ म्हणजे वर्षातून दोनदा की दर बुधवारी आणि शनिवारी, ते पुढे कोणी विचारत नाही. रुग्णाला वाटतं विषय टळला, डॉक्टरांना वाटतं विचारून झालं, आणि केसपेपरवर बीपीची गोळी वाढवली जाते.

दारूवरचा उपचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्यसनमुक्ती केंद्र येतं, कारण आपण दारू पिणाऱ्यांचे दोनच गट करतो. एक, ज्यांचं सगळं ठीक चाललंय. दुसरे, जे रस्त्यावर पडलेले दिसतात. खरी गर्दी मधल्या जागेत असते. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, आणि त्यातल्या 5.7 कोटी लोकांचं पिणं मदत लागावी इतकं त्रासदायक झालेलं आहे. त्यातले बरेच जण रोज कामाला जातात, घर चालवतात, मुलांची फी भरतात. ते व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाहीत आणि अनेकांना तशी गरजही नसते. पण अ‍ॅसिडिटी, बीपी, झोप, साखर अशा कारणांनी ते फॅमिली डॉक्टरकडे येतातच. त्यांच्यासाठी जगभरात एक छोटं, आखीव संभाषण वापरलं जातं. त्याला संक्षिप्त समुपदेशन म्हणतात. पाच ते पंधरा मिनिटांच्या या बोलण्यात चार गोष्टी होतात. किती पितो ते मोजायचं, त्याचा अर्थ सांगायचा, रुग्णाला स्वतःचं उद्दिष्ट ठरवू द्यायचं आणि ठरलेल्या तारखेला परत भेटायचं. हे संभाषण कसं होतं, ते वाक्यावाक्याने पाहू.

आधी माप ठरवायचं

“दोन पेग” या उत्तराला अर्थ नसतो. बारमधला पेग वेगळा, घरी स्टीलच्या ग्लासात ओतलेला वेगळा. म्हणून आधी एक माप धरायचं: 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली याच मापावर बसवलेली आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारण 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने 30 मिलिलिटरचा स्मॉल म्हणजे एक माप, लार्ज म्हणजे दोन, नाइंटी म्हणजे तीन आणि 180 मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा मापं.

बिअरमध्ये बहुतेकांची फसगत होते. “मॅडम, मी दारू सोडली, आता फक्त बिअर घेतो,” हे वाक्य डॉक्टर नेहमी ऐकतात. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे चार मापं. अशा दोन बाटल्या क्वार्टरपेक्षा जास्त भरतात. घरच्या घरी हिशेब करायचा तर सूत्र सोपं आहे. बाटलीतले मिलिलिटर गुणिले लेबलवरचा टक्का, आणि येईल त्याला 1250 ने भागायचं. देशीची बाटलीही अशीच मोजता येते. हातभट्टीला मात्र लेबल नसतं, त्यामुळे तिथे हिशेब चालत नाही आणि विषबाधेचा धोका वेगळा असतो.

तीन प्रश्न, मग सात

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण असे रुग्ण कुठल्याही तालुक्याच्या गावात भेटतील. वय 46. पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं स्वतःचं दुकान. छातीत जळजळ आणि पहाटे तीनला येणारी जाग, या तक्रारी घेऊन ते आले आहेत. सोबत बायको आहे. बीपी 152/96.

डॉक्टर आधी बायकोला बाहेर बसायला सांगतात, तेही सहज: “वहिनी, पाच मिनिटं तपासून घेते, मग तुम्हाला बोलावते.” जोडीदारासमोर दारूचा प्रश्न विचारला की नवरा कमी सांगतो, बायको जास्त सांगते आणि केबिनमध्ये घरचं भांडण सुरू होतं. मग सुरुवात परवानगीने होते.

“बीपी वाढलेलं दिसतंय. त्याला मीठ, वजन, तंबाखू, दारू अशी बरीच कारणं असतात. मी सगळ्यांनाच विचारते, तुम्हालाही दारूबद्दल थोडं विचारू का?”

“विचारा की. कधीतरी घेतो मॅडम, जास्त नाही.”

“कधीतरी म्हणजे महिन्यातून एखाद वेळी, आठवड्यातून दोन-तीनदा, की त्याहून जास्त?”

“दोन-तीनदा होतं. बुधवारी बाजार असतो, आणि शनिवार-रविवार.”

“घेता त्या दिवशी किती होते? नाइंटी, क्वार्टर, की हाफ?”

“क्वार्टरच. त्याच्यावर नाही.”

डॉक्टरांनी “घेता का?” असं विचारलंच नाही. “किती वेळा?” आणि “किती?” असं विचारलं, आणि दोन्ही वेळा उत्तराचे पर्याय पुढे ठेवले. मोठा आकडा डॉक्टरांनीच आधी उच्चारला की खरं सांगण्याचा संकोच कमी होतो. हाफसुद्धा या डॉक्टरांना नवा नाही, हे कळलं की क्वार्टर सांगणं सोपं जातं. तिसरा प्रश्न असा: एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं कितीदा होतात? इथे क्वार्टर हीच सहा मापं, म्हणजे दर आठवड्याला.

हे तीन प्रश्न ‘ऑडिट’ नावाच्या प्रश्नावलीतले पहिले तीन आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तपासून ही दहा प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण असतात, एकूण चाळीस. फक्त पहिल्या तिन्हींचे गुण धरले तर पुरुषांमध्ये चार आणि स्त्रियांमध्ये तीन किंवा जास्त आले की पुढचे सात विचारायचे. आपल्या गृहस्थांचे तीन, दोन आणि तीन मिळून आठ झाले.

पुढचे सात प्रश्न गेल्या वर्षभराविषयी आहेत. सुरू केल्यावर थांबता आलं नाही, असं झालं का? दारूमुळे करायचं काम राहिलं का? आदल्या रात्रीच्या पिण्यानंतर सकाळी उठून आधी थोडी घ्यावी लागली का? नंतर अपराधी वाटलं का? आदल्या रात्रीचं आठवेनासं झालं का? शेवटचे दोन थोडे वेगळे आहेत. तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्याला इजा झाली का, आणि घरच्यांनी, मित्राने किंवा डॉक्टरने कमी करायला सांगितलं का? त्यांत वर्षभरातल्या घटनेला चार गुण असतात, त्याआधीच्या घटनेला दोन.

गृहस्थांची उत्तरं अशी. थांबता येतं. महिनाभरात नाही, पण वर्षात काही वेळा सोमवारची डिलिव्हरी चुकली, एक गुण. सकाळी कधीच लागत नाही. अपराधी क्वचित वाटलं, एक गुण. विसर पडत नाही. दोन वर्षांपूर्वी पिऊन येताना मोटरसायकलवरून पडले होते, दोन गुण. बायको या वर्षात अनेकदा बोलली आहे, चार गुण. बेरीज सोळा.

सातपर्यंत गुण आले तर माहिती पुरते. आठ ते पंधराला थेट, थोडक्यात सल्ला द्यायचा. सोळा ते एकोणीसला समुपदेशन आणि पुन्हा पुन्हा भेट. वीस किंवा जास्त आले तर दारूवरचं अवलंबित्व आहे का, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं. सोळा हा आकडा या संभाषणासाठी नेमका आहे.

आकडा सांगून थांबायचं

इथून पुढचं वळण अवघड असतं. आकडा कळल्यावर डॉक्टरांच्या तोंडून सहज निघतं, “अहो, लिव्हर खराब करून घ्यायचंय का?” रुग्ण मान डोलावतो, पुढच्या वेळी दारूचं खरं सांगत नाही, किंवा डॉक्टरच बदलतो. भीती घातली की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, आणि बचाव करताना तो न बदलण्याचीच कारणं स्वतःच्या तोंडून बोलत राहतो. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांची दिशा उलटी आहे: बदलाची कारणं रुग्णाच्या तोंडून यायला हवीत. म्हणून डॉक्टर असं बोलतात:

“तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत, बरं झालं. याचे चाळीसपैकी सोळा गुण होतात. आठच्या पुढे गेलं की तब्येतीला त्रास व्हायची शक्यता वाढते. तुमची आठवड्याला साधारण अठरा मापं होतात. बीपी, जळजळ आणि पहाटेची जाग, तिन्हींचा दारूशी संबंध असू शकतो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?”

आणि इथे डॉक्टर गप्प राहतात.

“सोळा? पण मी काय दारुडा नाही हो मॅडम.”

“तसं मी म्हणतच नाही. दुकान, घर तुम्ही नीट सांभाळताय. मी फक्त तब्येतीचं बोलतेय.”

वाद तिथेच संपला. ‘दारुडा’ या शब्दावर हुज्जत घालून काहीच मिळणार नव्हतं. डॉक्टर पुढे विचारतात, “घेतल्यावर काय बरं वाटतं?” हा प्रश्न अनेकांना खटकतो, पण तो विचारायलाच हवा, कारण दारूची जागा दुसऱ्या कशाने भरायची हे त्याच्या उत्तरात असतं.

“दिवसभर वाकून तारा भरायच्या. पाठ, डोळे आंबून जातात. दोस्तांबरोबर बसलं की बरं वाटतं.”

“आणि नकोसं काय वाटतं?”

“सोमवारी अंगात काही राहत नाही. गिऱ्हाइकं बोंबलतात. आणि पोरगी दहावीला आहे. रविवारी रात्री ती माझ्याशी बोलतच नाही.”

“म्हणजे थकवा जातो, दोस्त भेटतात, पण सोमवारचं काम अडतं आणि मुलगी बोलत नाही.”

डॉक्टरांनी इथे स्वतःचं काही घातलं नाही, त्यांचंच म्हणणं त्यांना परत ऐकवलं. सल्ला आता येतो, आणि तो स्पष्ट असतो: “काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं. डॉक्टर म्हणून माझं मत विचाराल तर बंद केलीत तर सगळ्यात चांगलं. ते आत्ता जमणार नसेल तर कमी करण्याचाही फायदा आहे. काय करावंसं वाटतं?” दारूचं पूर्ण निर्धोक असं प्रमाण सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टपणे मांडलं. म्हणून “थोडी घेतली तर हृदयाला चांगली” हा जुना दिलासा डॉक्टरांनी देऊ नये. पण अठरा मापांवरून सहावर येणाऱ्याचा धोका खरोखर कमी होतो, हेही तितकंच खरं आहे.

उद्दिष्ट चिठ्ठीवर लिहायचं

“दारू कमी करा” हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते पाळलं की मोडलं हे कधीच कळत नाही. उद्दिष्टात दिवस हवेत, माप हवं आणि तारीख हवी. डॉक्टर तीन वाटा पुढे ठेवतात. महिनाभर पूर्ण बंद ठेवून पाहायची, घेण्याचे दिवस कमी करायचे, किंवा एका वेळचं माप कमी करायचं. गृहस्थ म्हणतात, “बुधवार सोडतो. शनिवार-रविवारी नाइंटी.” म्हणजे आठवड्याला सहा मापं.

“हे जमेल याची खात्री दहापैकी किती?”

“पाच.”

“दोन का नाही म्हणालात?”

हा प्रश्न मुद्दाम असा विचारायचा असतो. “दहा का नाही?” असं विचारलं तर माणूस अडचणींची यादी देतो. “दोन का नाही?” असं विचारलं की स्वतःची ताकद शोधतो. गृहस्थ म्हणतात, “श्रावणात मी पूर्ण बंद ठेवतो की. तेव्हा जमतं.” हे उत्तर फार मोलाचं आहे. श्रावण पाळणाऱ्या माणसाने महिनाभर थांबून दाखवलेलं असतं, तेही दरवर्षी. डॉक्टर ते पकडतात: “तेव्हा बुधवारी काय करता?” “सरळ घरी जातो, सहाच्या एसटीने.” बुधवारचा उपाय त्यांच्याकडे आधीपासूनच होता.

मग पाचाचे सात कसे होतील, ते विचारायचं. त्यांची खरी अडचण रविवारची निघाली. क्वार्टर आणली की ती संपवली जाते. उघडलेली बाटली घरात ठेवायची कुठे, मुलगी बघेल. म्हणून क्वार्टर आणायचीच नाही, 90 मिलिलिटरची छोटी बाटली आणायची. आधी जेवायला सुरुवात करायची, कारण रिकाम्या पोटी घेतलेली लवकर चढते आणि मग हात थांबत नाही. आणि आग्रह करणाऱ्या दोस्ताला सांगायला एकच वाक्य हवं, आधी ठरवलेलं: “बीपीच्या गोळ्या चालू आहेत, मॅडमनी माप दिलंय.” दोस्तांमध्ये नकाराचं कारण फार समजावत बसलं की आग्रह वाढतो. डॉक्टरचं नाव सांगितलं की तो तिथेच संपतो.

हे सगळं डॉक्टर गोळ्यांच्याच चिठ्ठीवर लिहून देतात:

- बुधवार: बंद. सहाची एसटी.
- शनिवार आणि रविवार: प्रत्येकी एक नाइंटी, जेवणासोबत. क्वार्टर आणायची नाही.
- घेतल्यावर मोटरसायकल नाही.
- दुकानातल्या कॅलेंडरवर रोज मापाचा आकडा लिहायचा. नाही घेतली तर शून्य.
- दोन आठवड्यांनी कॅलेंडरचा फोटो घेऊन भेटायचं.

कॅलेंडरवर शून्यसुद्धा लिहायचं, कारण महिन्याच्या शेवटी डोळ्यांत भरतात ती शून्यंच. आता बायकोला आत बोलावलं जातं, आणि गृहस्थांना विचारूनच ठरलेलं तिला सांगितलं जातं. तिने काय करायचं तेही ठरतं. बाटली शोधायची नाही, वास घ्यायचा नाही, फक्त रविवारी जेवण थोडं लवकर वाढायचं.

दोन आठवड्यांनी

पहिल्या आठवड्यात सहा मापं झाली. दुसऱ्या आठवड्यात गावची जत्रा होती आणि दहा झाली. गृहस्थ खाली बघून म्हणाले, “मोडलं मॅडम.” डॉक्टर कॅलेंडर बघतात. “आधी दोन आठवड्यांत छत्तीस व्हायची, आता सोळा झाली. जत्रेच्या दिवशी नेमकं काय झालं?” मंडपामागे बसल्यावर बाटली सगळ्यांत मिळून होती, त्यामुळे मापच राहिलं नाही. मग पुढच्या लग्नाकार्यासाठी एक नियम वाढतो: एकत्र बाटलीतली घ्यायची नाही.

ही दुसरी भेट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेकदा होत नाही. पहिल्याच चुकीनंतर रुग्णाला वाटतं, आता डॉक्टर रागावतील, आणि तो यायचाच थांबतो. म्हणून तारीख पहिल्याच भेटीत ठरवायची आणि निमित्त बीपी तपासण्याचं ठेवायचं. पुढच्या भेटी महिन्याने आणि तीन महिन्यांनी. दारू कमी झाली की बीपीही काही आठवड्यांत उतरू लागतं. आधीचं पिणं जितकं जास्त, तितका फरक मोठा. रक्तातल्या जीजीटी या यकृताच्या तपासणीचा वाढलेला आकडाही सहसा काही आठवड्यांत खाली येतो. तो रुग्णाला दाखवायचा, पण त्याची चोरी पकडण्यासाठी वापरायचा नाही.

तीन महिन्यांनी पहिले तीन प्रश्न फक्त त्या तीन महिन्यांपुरते पुन्हा विचारले. आठाचे पाच झाले होते. पाच हा आकडा अजूनही चारच्या वर आहे, आणि डॉक्टर तो लपवत नाहीत. “खूप खाली आलात. अजून दोन पावलं उरलीत. पुढचं कधी?”

हे संभाषण कुणासाठी नाही

दहा प्रश्नांमधला सकाळच्या पिण्याचा प्रश्न सगळ्यात जास्त लक्ष देऊन ऐकायचा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं आणि थोडी घेतल्यावर बरं वाटतं, असं कोणी सांगितलं तर त्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसाला “उद्यापासून बंद कर” असं सांगणं धोक्याचं आहे. दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास, गोंधळ आणि ताप असलेली अवस्था येऊ शकते. तिच्यात जीवही जातो. अशांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधं आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन थांबवावी लागते. आधी कधी दारू तोडताना झटका आला असेल तर रुग्णालयातच. कावीळ झाली असेल, पोटात पाणी असेल, रक्ताची उलटी झाली असेल, स्त्री गर्भवती असेल किंवा मनात आत्महत्येचे विचार येत असतील, तर नाइंटी-क्वार्टरचं गणित मांडायचंच नाही. तिथे दारू बंद हेच उद्दिष्ट, आणि पाठवणी लगेच.

आणखी एक विनंती डॉक्टरांच्या कानावर वारंवार येते. “एखादी पावडर द्या, भाजीत कालवून घालते, त्यांना कळायलाच नको.” जाहिरातींतून असंच आमिष दाखवलं जातं. दारू सोडण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिरम हे औषध शरीरात असताना माणूस प्यायला तर त्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही येऊ शकतो. हे औषध फक्त रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं. त्या माउलीची अगतिकता खरी असते, म्हणून डॉक्टरांनी तिला नुसतं नाही म्हणून परत पाठवू नये. तिच्या नवऱ्याला बीपी तपासायच्या निमित्ताने घेऊन यायला सांगावं.

कितपत उपयोग होतो

2018 मध्ये प्राथमिक आरोग्यसेवेतल्या 69 चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. असं संक्षिप्त समुपदेशन मिळालेले लोक वर्षभरानंतर इतरांपेक्षा आठवड्याला सरासरी 20 ग्रॅम अल्कोहोल कमी पीत होते, म्हणजे दोन स्मॉल. फरक लहान आहे. कुणी पूर्ण थांबतो, कुणी काहीच बदलत नाही, आणि सरासरी दोन स्मॉल येते. पण यासाठी वेगळं केंद्र लागत नाही, खर्च जवळजवळ नाही, आणि जास्त वेळ बोलल्याने फारसा जास्त फायदाही त्या आढाव्यात दिसला नाही. त्यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत.

आपल्या जवळचा पुरावा गोव्याचा आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बारा ते एकोणीस गुण असलेल्या पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. ते स्थानिक, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते, आणि भेटी जास्तीत जास्त चार. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुषांचे गुण आठच्या खाली आले होते, न मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांचे. गेल्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले 42 टक्के होते, दुसऱ्या गटात 18. पीत राहिलेल्यांच्या रोजच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे तिथे फायदा मुख्यतः थांबलेल्यांचा होता. म्हणूनच आपल्या संभाषणातलं “बंद केलीत तर सगळ्यात चांगलं” हे वाक्य कधीही गाळायचं नाही, आणि महिनाभर बंद ठेवून पाहण्याची वाट नेहमी पहिली सांगायची.

या अभ्यासातून आपल्या दवाखान्यांसाठी आणखी एक गोष्ट निघते. बाहेर तीस रुग्ण थांबलेले असताना दहा मिनिटं कुठून काढायची, ही डॉक्टरांची अडचण खरी आहे. पण नर्स किंवा आशाताई शिकल्या तर त्याही हे बोलणं करू शकतात. डॉक्टरांनी पहिले तीन प्रश्न स्वतः विचारायचे, त्याला मिनिट लागतं. पुढचं बोलणं दुसऱ्या भेटीवर ठेवलं तरी चालतं. आणि ते तीन प्रश्न फक्त वास येणाऱ्या पुरुषांना नव्हे, सगळ्या प्रौढांना विचारायला हवेत. स्त्रियांचं प्रमाण सर्वेक्षणात 1.6 टक्के आलं म्हणून त्यांना कोणी विचारत नाही, आणि त्यांच्या शरीराला तेवढ्याच दारूने जास्त अपाय होतो.

वाचणाऱ्याने डॉक्टरांची वाट पाहायची गरज नाही. गेल्या महिन्यात किती दिवस झाले, एका दिवशी किती मापं झाली, सहा किंवा जास्त किती वेळा झाली, हे एका कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी बीपी तपासायला जाताना तो कागद खिशात घेऊन जा. सकाळी हात थरथरत असतील तर स्वतःहून दारू तोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. व्यसनाबद्दल बोलायला 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी 14416. आणि डॉक्टरांनी “घेता का?” एवढंच विचारून पुढे सरकायला सुरुवात केली, तर तुम्हीच आकडा सांगा.